बेसन, दही, हळद ठेवा. लिंबू मात्र वगळा

लग्न ठरलं की घरातल्या बायकामंडळी हमखास सुचवतात तो लेप म्हणजे बेसन, दही, चिमूटभर हळद आणि वरून अर्ध्या लिंबाचा रस. ‘घरचंच आहे, अपाय कसला?’ असं सगळेच म्हणतात. पहिल्या तीन गोष्टींबाबत हे बहुतेकांसाठी खरं आहे. लिंबाबाबत नाही.

त्वचेचा वरचा थर मुळातच किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण ५. लिंबाच्या रसाचा पीएच २च्या आसपास. या मोजमापात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, त्यामुळे हा रस त्वचेपेक्षा शेकडो पटींनी आम्ल ठरतो. चेहरा चुरचुरतो तो यामुळेच. ती चुरचुर म्हणजे ‘काम होतंय’ अशी खूण समजली जाते. खरं तर ती त्वचेची तक्रार असते.

आम्लापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. आपल्या कागदी लिंबात, विशेषतः सालीतल्या तेलात, फ्युरोकोमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं, तर तिथल्या पेशींना भाजल्यासारखी इजा होते. लिंबू पिळलं की सालीचं तेलही रसात उतरतं आणि लेप धुतल्यावरही त्याचा अंश त्वचेवर राहू शकतो.

समजा, एखाद्या नवरीने सकाळी लिंबाचा लेप लावला, तासाभराने धुतला आणि दुपारी ती स्कूटरवरून खरेदीला गेली. त्या दिवशी काहीच दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गालावर, हनुवटीवर लाली येते, आग होते, कधी बारीक फोडही येतात. हे शमल्यावर मागे तपकिरी डाग उरतात, आणि ते काही आठवडे, कधी काही महिने जात नाहीत. डागाच्या आकारावरून कारण ओळखता येतं: रस ओघळला तिथे मानेपर्यंत लांबट पट्टा, थेंब पडला तिथे ठिपका. उन्हात बसून सरबतासाठी लिंबं पिळणाऱ्यांच्या बोटांवरही असेच डाग उमटतात. दुर्दैवाने घरात या डागांना ‘टॅन’ म्हटलं जातं आणि तो घालवायला पुन्हा लिंबूच चोळलं जातं.

आता उरलेल्या तिघांकडे पाहू. बेसन चेहऱ्यावरचं तेल शोषून घेतं आणि धुताना वरच्या मृत पेशी थोड्या सुटतात. तेलकट त्वचेला ते मानवतं. कोरड्या त्वचेला ओढ बसते. दह्यात लॅक्टिक आम्ल असतं, पण जेमतेम एक टक्का; त्वचारोगतज्ज्ञ देतात त्या लोशनमध्ये ते ५ ते १२ टक्के असतं. म्हणून दही सौम्य आहे, आणि म्हणूनच त्याचा परिणामही सौम्य. सायीच्या दह्यातल्या स्निग्धांशाने त्वचा मऊ लागते. लेपाला आंबटपणा हवाच असेल तर तो दह्यातच आहे. हळदीतलं करक्युमिन सूज कमी करतं असं प्रयोगशाळेत दिसतं, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दहा मिनिटांच्या लेपात त्याचा पिवळा रंगच काय तो जास्त लागतो. काहींना हळदीची ॲलर्जीही असते.

दोन चमचे बेसन, लेप सरसरीत होईल इतकं ताजं दही आणि खरोखर चिमूटभर हळद पुरे. नव्याने लावणाऱ्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहावा आणि दोन दिवस थांबावं. खाज किंवा पुरळ आलं तर विषय संपला. चेहऱ्यावर दहा मिनिटं ठेवावा. कडक होऊन भेगा पडेपर्यंत थांबू नये, कारण वाळलेला लेप खरवडून काढताना त्वचा सोलवटते. ओलसर असतानाच कोमट पाण्याने, न घासता धुवावा आणि लगेच मॉइश्चरायझर लावावं. आठवड्यातून एकदा बास. मुरुमं पिकलेली असताना किंवा चेहरा ओरखडलेला असताना लेप लावूच नये.

यातून मिळतं काय? धुतल्यावर चेहरा नितळ, मऊ आणि थोडा उजळ दिसतो, कारण तेल आणि मृत पेशी निघून गेलेल्या असतात. ही तकाकी एक-दोन दिवस टिकते. समारंभाच्या आदल्या दिवशी म्हणूनच तिचा उपयोग. जन्मजात रंग बदलत नाही, वांग जात नाहीत, मुरुमांचे खड्डे भरत नाहीत. उन्हाने रापलेली त्वचा काही आठवड्यांत आपोआप निवळते, मात्र रोज सनस्क्रीन लावलं तरच. श्रेय बहुधा लेपाला मिळतं.

लिंबाने डाग पडलेच असतील तर लिंबू बंद, ऊन टाळणं आणि रोज सनस्क्रीन, एवढ्याने ते हळूहळू फिकट होतात. औषधाच्या दुकानातून मनानेच ‘डाग घालवणारं’ मलम आणू नये. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असतं आणि महिनोन् महिने लावल्यास चेहऱ्याची त्वचा पातळ, लाल होते. फोड आले असतील किंवा डाग तीन महिन्यांनंतरही गडदच असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं आणि लेपात काय घातलं होतं तेही सांगावं.