पाइपएवढा व्हॉल्व्ह कशाला?

पाइप चार इंची म्हणून कंट्रोल व्हॉल्व्हही चार इंची घेणं चुकीचंच. आकार ठरतो Kv या प्रवाह-गुणांकावरून: व्हॉल्व्हमध्ये 1 बार दाब खर्ची पडताना ताशी किती घनमीटर पाणी जातं, तो आकडा.

समजा, हीट एक्स्चेंजरला ताशी 20 घनमीटर पाणी हवं. एकूण 5 बारपैकी 4 पाइपात जातात, व्हॉल्व्हला 1 उरतो. Kv 20 लागला. 25चा व्हॉल्व्ह पुरे.

प्रवाह निम्मा झाला की पाइपात 1 बारच जातो, व्हॉल्व्हवर 4 येतात. आता Kv फक्त 5 हवा. लिनियर व्हॉल्व्हला त्यासाठी 20 टक्केच उघडावं लागतं; तिथे जरा हलला तरी तापमान हेलकावतं. इक्वल पर्सेंटेज मात्र साधारण 60 टक्के उघडा असतो, म्हणून इथे तोच घ्यावा. व्हॉल्व्हवरचा दाब फारसा बदलत नसेल, तर लिनियरच बरा.