जलांतर्गत छायाचित्रावरून स्थळनिश्चिती : एका माहितीपत्रकातील प्रवाळचित्राचा अभ्यास

काही वर्षांपूर्वी मालवण परिसरातील सागरी पर्यटनाचे एक माहितीपत्रक एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखिकेस आणून दाखविले. त्यावरील छायाचित्रात निळेशार पाणी, टेबलासारखे पसरलेले प्रवाळ आणि त्याखाली विसावलेली पिवळ्याधमक माशांची जोडी दिसत होती. ‘मॅडम, हे खरेच आपल्या मालवणचे आहे का?’ असा त्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर कोणत्या पुराव्यांच्या आधारे व किती खात्रीने देता येते, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

सर्वप्रथम नजरेत भरते ते पाणी. सदर छायाचित्रात वीस-पंचवीस मीटर अंतरावरील प्रवाळाचा उतारही स्पष्ट दिसत होता. मालवणच्या किनाऱ्यालगत कर्लीसारख्या नद्यांचा गाळ आणि विपुल वनस्पतिप्लवक यांमुळे पाणी बहुधा हिरवट असते. हिवाळ्यातील चांगल्या दिवशीही दृश्यता सामान्यतः काही मीटरच राहते. तथापि पाण्याचा रंग हा दुबळा पुरावा होय. लाल प्रकाश पाण्यात पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. ही उणीव भरून काढण्यासाठी छायाचित्रकार कृत्रिम प्रकाश वापरतात किंवा नंतर संगणकावर रंग पालटतात, आणि मग हिरवट पाणीही निळे दिसू शकते. दूरच्या वस्तूंची स्पष्टता मात्र इतक्या सहजी निर्माण करता येत नाही. म्हणून रंगापेक्षा ‘किती लांबचे दिसते’ हे पाहणे अधिक श्रेयस्कर. त्यावरूनही शंका तेवढी बळावते, स्थळ कळत नाही. महाराष्ट्राच्याच सागरी हद्दीबाहेर, किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या आंग्रिया बँकेवर पाणी बरेच स्वच्छ असते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

प्रवाळाचा पुरावा याहून बळकट आहे. मालवणच्या उथळ, गढूळ पाण्यात गाळ सहन करणारे पोराइट्स, फेव्हाइट्स यांसारखे गोलसर, दगडासारखे प्रवाळ प्रामुख्याने आढळतात. चित्रातील टेबलाकार प्रवाळ ॲक्रोपोरा या प्रजातीचे होते. अशी विस्तीर्ण टेबले हिंदी व प्रशांत महासागरांच्या स्वच्छ पाण्यात सर्वत्र दिसतात. कॅरिबियन समुद्रात ॲक्रोपोराच्या मोजक्याच जाती असून त्यांची ठेवण निराळी असते. अर्थात प्रवाळाने महासागर ठरविता येतो, पण त्यातील नेमका प्रदेश नव्हे.

तो प्रदेश माशांनी ठरविला. चित्राच्या कोपऱ्यात समुद्रफुलाच्या शुंडकांत दोन पांढऱ्या पट्ट्यांचा एक क्लाऊनफिश होता. हे मासे अटलांटिकमध्ये निसर्गतः नाहीत, म्हणून कॅरिबियनची शक्यता पूर्णतः मिटली. परंतु दोन पट्ट्यांच्या अनेक जाती असल्याने केवळ त्यावर विसंबणे धोक्याचे. निर्णायक ठरली ती पिवळी जोडी. अंगावर बारीक नारिंगी उभ्या रेषा आणि डोळ्यामागे निळसर-करडा डाग, ही किटोडॉन सेमिलार्व्हाटस या फुलपाखरू माशाची ओळख आहे. तो तांबडा समुद्र व एडनचे आखात येथेच वसतो आणि दिवसा बहुधा जोडीने टेबल-प्रवाळाखाली विसावतो. जाती आणि वर्तन दोन्ही जुळले. तांबड्या समुद्रास बारमाही नदी मिळत नाही व पाऊसही नगण्य, त्यामुळे गाळ व पोषकद्रव्ये अल्प राहतात. पाण्याच्या ज्या स्वच्छतेने प्रथम केवळ शंका उत्पन्न केली, तिचाही उलगडा येथे होतो.

येथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली म्हणजे ठळक माशावर भिस्त ठेवणे. काटेरी पंखांचा लायनफिश मूळचा हिंदी-प्रशांत प्रदेशातला. मात्र 1985 मध्ये त्याची फ्लोरिडाजवळ नोंद झाली आणि आज तो कॅरिबियनमध्ये सर्रास आढळतो. केवळ त्याच्यावरून आता महासागरही सांगता येत नाही. दुसरी फसगत मत्स्यालयाची. निरनिराळ्या सागरांतील प्रदेशनिष्ठ मासे एकाच चौकटीत दिसले, तर ते छायाचित्र समुद्रातले नसून टाकीतले असण्याचा संभव अधिक. शिवाय ‘अमुक मासा दिसत नाही, म्हणून ते स्थळ नव्हे’ हा युक्तिवाद टिकत नाही. एका चौकटीत मावतात तरी किती मासे!

विद्यार्थ्यास दिलेले उत्तर असे होते : चित्र मालवणचे नाही, हे निश्चित, ते तांबड्या समुद्राचे किंवा एडनच्या आखाताचे आहे, हे जवळजवळ निश्चित. ते इजिप्तच्या किनाऱ्यावरचे की सुदानच्या, हे मात्र सांगता येणार नाही, कारण हा मासा दोन्हीकडे आहे. ते पत्रक पाहून मालवणास आलेला पर्यटक प्रवाळ ‘मेले’ म्हणून खट्टू होतो, आणि जे गोलसर, मळकट दगड म्हणून तो तुडवितो, तेच तेथील जिवंत प्रवाळ असते.