नाव झाकलं, आजार तोच राहिला का?

सिग्मंड फ्रॉइड आणि योझेफ ब्रॉयर यांचं हिस्टेरियावरचं पुस्तक 1895 साली आलं. त्यात आल्प्सच्या डोंगरात भेटलेल्या 'कॅथरिना' नावाच्या तरुणीची हकिगत आहे. तिचं नाव बदललेलं होतं. तिच्यावर अतिप्रसंग करणारा माणूस तिचा काका होता, असं फ्रॉइडनं लिहिलं. 1924 साली एका तळटीपेत त्यानं खरं सांगितलं: तो काका नव्हे, बाप होता. डोंगराचं नाव बदललं तर चालतं, असला बदल मात्र करू नये, असंही त्यानं नोंदवलं. बाप आणि काका यांत आजाराचा अर्थच बदलतो.

रुग्णाची ओळख लपवताना आजही नेमकी हीच गफलत होते. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्यानं ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक प्यायलं. अतिदक्षता विभागात तो सावरला. तिसऱ्या दिवशी त्याला मान उचलता येईना आणि श्वासही अपुरा पडू लागला. ही केस विद्यार्थ्यांना शिकवण्याजोगी आहे, कारण या विषबाधेत साधारण 1 ते 4 दिवसांनी स्नायू असे दुबळे पडू शकतात.

नाव, गाव, नोंदणी क्रमांक आणि तारखा सरळ काढाव्यात. तारखांमधलं अंतर मात्र ठेवायचं: 'विष घेतल्यावर 2 तासांनी दाखल, तिसऱ्या दिवशी अशक्तपणा'. ते पुसलं तर शिकण्यासारखं काही उरतच नाही. 'चौतीस वर्षांचा' ऐवजी 'तिशीतला' लिहिलं तरी इथे काही बिघडत नाही. लहान मुलाच्या बाबतीत मात्र वयाचे महिनेसुद्धा महत्त्वाचे असतात.

घराण्याची अब्रू जपायला कुणी 'फवारताना विषबाधा' असं लिहिलं, तर ती कॅथरिनाचीच चूक. फवारणीत विष मुख्यतः कातडीतून आणि श्वासातून जातं. तिथे कपडे काढून अंग धुणं आधी येतं. शिवाय प्यायलेल्या माणसाला पुढे मानसोपचार लागतात, तो धागाच तुटतो. तपशील गाळता येतो, खोटा घालता येत नाही.

फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारून भागत नाही. ओळखीचे लोक जिवणीवरून, तिळावरूनही ओळखतात. एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव असतं. स्लाइडमध्ये ते कापल्यासारखं दिसलं, तरी कापलेला भाग फाइलमध्ये बहुधा तसाच राहतो. म्हणून आधी चित्रातूनच कापून नवी प्रत जतन करावी.

एवढं करूनही बातमी वाचलेलं गाव त्याला ओळखू शकतं. म्हणून संमती लागतेच, आणि दाखल होताना घेतलेली उपचाराची सही इथे चालत नाही. रुग्ण सावरल्यावर त्याला मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखवावा. वर्गात दाखवणं आणि नियतकालिकात छापणं यांची परवानगी वेगवेगळी विचारावी. इंटरनेटवर गेलेलं परत घेता येत नाही आणि नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही, हे स्पष्ट सांगावं. विष प्यायल्याचा उल्लेख नको असं तो म्हणाला, तर ती केस छापायची नाही.