पेटत्या छताखालून पंपापर्यंत

उंच इमारतीतल्या फायर पंपाला वीज पोचवणारी केबल पुष्कळदा पार्किंगच्या छताखालून जाते. खाली एखादी गाडी पेटली, की ज्वाळा थेट तिच्यापर्यंत पोचतात. पाण्याची खरी गरज असते तेव्हाच पंपाची वीज तुटायचा धोका असतो तो यामुळे.

‘केबल एफआरएलएस आहे’ असे कंत्राटदाराने सांगितले की सोसायटीची मंडळी निर्धास्त होतात. इथे मोठा गैरसमज आहे. एफआरएलएस केबल आग सहजासहजी पुढे पसरू देत नाही आणि धूर कमी सोडते, एवढेच तिचे काम. ज्वाळेत सापडली, तर तिचे पीव्हीसी आवरणही मऊ पडते, जळते, आतल्या तारा एकमेकींना टेकतात आणि शॉर्ट सर्किट होऊन ब्रेकर पडतो. पंप, अलार्मचे हूटर आणि मध्यवर्ती बॅटरीवर चालणारे आपत्कालीन दिवे यांना लागते ती ‘फायर सर्व्हायव्हल’ केबल. दिव्याच्या पोटातच बॅटरी असेल तर त्याची तार जळली तरी तो काही काळ पेटत राहतो. हूटरला आणि पंपाला बहुधा तशी सोय नसते.

या केबलमध्ये तांब्याच्या तारेवर अभ्रकाची पट्टी गुंडाळलेली असते आणि तिच्यावर नेहमीचे प्लास्टिकचे आवरण. आगीत प्लास्टिक जळून जाते, पण अभ्रक टिकते आणि तारांना एकमेकींपासून वेगळे ठेवते. तांबे सुमारे 1085 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून तारही टिकते. ॲल्युमिनियम मात्र 660 अंशांनाच वितळते. ब्रिटिश मानक बीएस 6387 मध्ये अशा केबलच्या तीन कसोट्या आहेत: 950 अंशांच्या ज्वाळेत तीन तास, आगीबरोबर पाण्याचा मारा, आणि आगीत असताना वारंवार बसणारे धक्के. पण या तिन्ही कसोट्या केबलच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर घेता येतात. प्रत्यक्षात पडणारा पत्रा, अग्निशमन दलाचे पाणी आणि आग हे सगळे एकाच केबलच्या वाट्याला येते. म्हणून पंपासारख्या महत्त्वाच्या जागी तिन्ही एकत्र सोसणारी चाचणी मागावी. बीएस 8491 मध्ये ती आहे. भारतात या प्रकारच्या केबलसाठी आयएस 17505 हे मानक आहे.

केबल टिकली तरी पंप सुरू होईलच, असे नाही. तांबे तापले की त्याचा अवरोध वाढतो. 900 अंशांना तो साधारण साडेचार पट होतो. समजा, मीटर रूमपासून पंपापर्यंत 120 मीटर केबल आहे आणि तिचे 20 मीटर आगीत आहेत. उरलेल्या 100 मीटरचा अवरोध तेवढाच राहिला, तरी या 20 मीटरचा 90 मीटरइतका होतो. म्हणजे एकूण 120 ऐवजी 190 मीटर केबल असल्यासारखे. पंप सुरू होताना मोटर कितीतरी पट प्रवाह ओढते. थंड केबलवर त्या क्षणी दाब 15 टक्के पडत असेल, तर आता तो सुमारे 24 टक्के पडेल. मोटरची फिरवण्याची ताकद दाबाच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणून ती पूर्ण दाबाच्या 72 टक्क्यांवरून 58 टक्क्यांवर येईल. पंप गुरगुरेल आणि कदाचित फिरणारच नाही. हे गणित आधी केले तर केबल जाड घेता येते, किंवा तिचा मार्गच पार्किंगबाहेरून काढता येतो. माझ्या मते मार्ग बदलणे केव्हाही चांगले.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते केबल धरून ठेवणाऱ्या गोष्टींकडे. महाग केबल प्लास्टिकच्या टायने बांधली, तर टाय वितळताच ती खाली लोंबते, ताण बसतो आणि अभ्रकाची पट्टी तडकते. ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टनच्या शर्ली टॉवर्समध्ये 2010 साली लागलेल्या आगीत प्लास्टिकचे आधार वितळून तारा खाली आल्या आणि अग्निशमन दलाचे जवान त्यात अडकले. दोन जवानांचा मृत्यू झाला. 2018 च्या ब्रिटिश वायरिंग नियमांनी सगळ्याच तारांना आगीत लवकर न कोसळणारे आधार सक्तीचे केले. पोलादी क्लिप, पोलादी ट्रे आणि छतात ठोकलेले धातूचे बोल्ट ही फार महाग गोष्ट नाही. मधला जोड मात्र शक्यतो टाळावा, कारण प्लास्टिकच्या कनेक्टरवर केलेला जोड केबलपेक्षा कितीतरी आधी जळतो.

तपासायचे असेल, तर शिडी घेऊन पंपाच्या केबलबरोबर चालत जावे. बाहेरच्या आवरणावर मानकाचा क्रमांक छापलेला असतो; नुसते एफआरएलएस लिहिले असेल तर ती टिकाऊ केबल नव्हे. वाटेत टाय कुठे आहेत, डबा कुठे आहे, दुरुस्तीच्या वेळी कुणी साध्या वायरचा तुकडा जोडला आहे का, ते पाहावे. नंतर इमारतीचा मुख्य स्विच बंद करून पंप चालवून बघावा. अग्निशमन दल आल्यावर पुष्कळदा इमारतीची वीज तोडते. पंपाची जोडणी त्या स्विचच्या आधी घेतलेली नसेल, तर पंप तिथेच थांबतो आणि पुढे केबल कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग होत नाही.