क्लॅम्प अडकला की सेन्सर?

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात जपानहून आलेली मशिन्स पुष्कळ आहेत. मशिन अडलं की पडद्यावर अलार्म येतो आणि तो बऱ्याचदा जपानीत असतो. तो मराठीत आणायला नुसता शब्दकोश पुरत नाही, पीएलसीचा प्रोग्रॅम उघडावाच लागतो.

समजा, पडद्यावर हे आलं:

```
クランプ前進端異常
```

शब्दशः अर्थ ‘क्लॅम्प, पुढचं टोक, बिघाड’. त्यात क्रियापदच नाही. नेमकं काय बिघडलं ते प्रोग्रॅममध्ये कळतं. मित्सुबिशीच्या पीएलसीत त्याचं सोपं रूप असं असेल:

```
LD  Y20
ANI X11
OUT T10 K50
LD  T10
OUT M211
```

`Y20` म्हणजे क्लॅम्प पुढे ढकलण्याचा हुकूम. `X11` हा क्लॅम्प टोकाला पोहोचल्याचं सांगणारा सेन्सर. हुकूम चालू आहे, पण सेन्सर लागलेला नाही, अशी स्थिती पाच सेकंद टिकली (इथे टायमर दशांश सेकंदांत मोजतो, म्हणून 50), की `M211` चालू होऊन अलार्म झळकतो.

आता ‘क्लॅम्प पुढे गेला नाही’ असं मराठी केलं, तर ते वाचायला सोपं, पण चुकीचं ठरू शकतं. क्लॅम्पने जॉब घट्ट धरलेला असेल आणि सेन्सरची वायर सैल झाली असेल किंवा सेन्सर जागेवरून सरकला असेल, तरी हाच अलार्म येतो. पीएलसीला क्लॅम्प दिसत नाही, फक्त सेन्सर दिसतो. ‘गेला नाही’ वाचून ऑपरेटर क्लॅम्प ढकलायला आत हात घालेल, आणि सिलिंडरमध्ये हवेचा दाब तर कायम असतो. म्हणून मी असं लिहीन:

‘क्लॅम्प पुढे पोहोचल्याची खूण मिळाली नाही (`X11`). हात घालू नका. मेंटेनन्सला बोलवा.’

कंसातला नंबर गाळू नये. मेंटेनन्सवाला क्लॅम्प कुठे आहे ते आधी डोळ्यांनी पाहतो, मग `X11` चा दिवा. क्लॅम्प टोकाला असून दिवा बंद, तर दोष सेन्सरकडे किंवा वायरिंगमध्ये. क्लॅम्पच मागे अडकलेला असेल, तर हवा, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर तपासायचे. जपानमधल्या इंजिनिअरला फोन लावला तरी दोघांना एकच नंबर कळतो. प्रोग्रॅममधली मूळ जपानी कॉमेंटही याच कारणासाठी पुसू नये. मराठी मजकूर पडद्याच्या प्रोग्रॅममध्ये वेगळी भाषा म्हणून भरावा.

तिथे आणखी एक अडचण येते. जुन्या पडद्यांना देवनागरी नीट जुळवता येत नाही. जोडाक्षरं फुटतात आणि ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते. कॉम्प्युटरवर सगळं नीट दिसलं तरी भरवसा धरू नका. प्रत्येक संदेश खऱ्या पडद्यावर उमटवून पाहा आणि तो रात्रपाळीच्या ऑपरेटरला मोठ्याने वाचायला सांगा. जिथे तो अडखळेल, तो संदेश पुन्हा लिहा.