तीस कॅरेक्टरमध्ये प्लंबर: शोधामागचा हेतू कसा ओळखायचा?

समजा, रात्री अकरा वाजता पाइप फुटलाय. तुम्ही गूगलवर टाकता `plumber near me`. वर जाहिरात दिसते: ‘15 वर्षांचा विश्वासार्ह अनुभव’. तुम्ही थांबाल का? नाही. तुम्हाला एवढंच हवंय की आत्ता कोणी येईल का.

शोध-जाहिरातीत एका शीर्षकाला 30 आणि वर्णनाला 90 कॅरेक्टर मिळतात. मराठीत ही जागा आणखी लवकर संपते, कारण युनिकोडमध्ये मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगळे मोजले जातात. ‘प्लंबर’ डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण मोजणीत सहा होतात. वरचं अनुभवाचं शीर्षक 29 कॅरेक्टरचं आहे. म्हणजे मर्यादेत बसलं, पण सगळी जागा ग्राहकाने न विचारलेल्या गोष्टीवर गेली.

आंद्रेई ब्रोडर यांनी 2002 मध्ये वेबशोधांचे तीन हेतू मांडले: माहिती मिळवणे, ठरावीक साइटवर पोचणे आणि काही व्यवहार करणे. आपल्या प्लंबरकडे येणारे शोध यात टाकून बघा.

‘नळ गळतोय काय करावे’ हा माहितीचा शोध. या माणसाला बहुधा स्वतःच वायसर बदलायचाय. `plumber near me` हा व्यवहाराचा. त्यासाठी लिहा: ‘पाइप फुटला? आत्ताच फोन करा’ (26) आणि ‘रात्रीही प्लंबर उपलब्ध’ (22). ‘बाथरूम फिटिंग खर्च’ हाही व्यवहाराकडे झुकलेला, पण घाई नाही, तुलना चाललीय. तिथे ‘बाथरूम फिटिंग: मोफत अंदाज’ (25) चालेल. गूगल शीर्षकांचा क्रम बदलू शकतं, म्हणून प्रत्येक शीर्षक एकटं वाचलं तरी अर्थ लागला पाहिजे. आणि रात्री फोन उचलणारं कोणी नसेल तर ‘रात्रीही’ लिहू नका. क्लिकचे पैसे तरीही जातातच.

चूक झाली हे कसं कळेल? एक काल्पनिक उदाहरण घ्या. पहिल्या जाहिरातीला 100 क्लिक आणि 4 फोन, दुसरीला 60 क्लिक आणि 12 फोन. क्लिक बघितले तर पहिली जिंकली. पण प्लंबरचं दिवसाचं बजेट तिच्यातच वाया गेलं. आता सर्च टर्म्सचा अहवाल उघडा. तिथे ‘काय करावे’, ‘कसा बदलायचा’ असे शोध दिसले, तर ते शब्द निगेटिव्ह कीवर्ड म्हणून टाका. शब्दरचनेला दोष नंतर द्या.

संशोधनाच्या दृष्टीने खरी गोम इथेच आहे. दोन जाहिरातींची तुलना करताना दोन्हींना एकाच हेतूचे शोध मिळाले नसतील, तर तुम्ही शब्द मोजत नाही आहात, गर्दीतला फरक मोजताय. शिवाय हेतू आपण अंदाजाने ठरवतो. नुसतं ‘नळ गळतोय’ असा शोध आला तर तो कुठल्या गटात टाकाल? दोन जणांना वेगवेगळं लेबल लावायला सांगा. त्यांचं जिथे जमत नाही, ते शोध वेगळे काढा आणि मगच आकडे बघा.