शेवट न फोडणारं मलपृष्ठ

मलपृष्ठावरच्या मजकुरात रहस्य फुटतं, त्याचं कारण बहुधा साधं असतं. मजकूर लिहिणाऱ्याने पुस्तक वाचून संपवलेलं असतं आणि तो गोष्ट घडली त्या क्रमाने सांगतो. लेखकाने मात्र ती वेगळ्या क्रमाने मांडलेली असते. मजकूर दुरुस्त करायचा म्हणजे लेखकाच्या क्रमाकडे परतायचं.

उदाहरणादाखल रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची जेकिल आणि हाइडची कथा (१८८६) घेऊ. समजा, मजकूर असा आहे :

‘लंडनचा नामांकित डॉक्टर जेकिल माणसातलं चांगलं-वाईट वेगळं करणारं औषध शोधतो. ते पिऊन तो क्रूर हाइड बनतो, खून करतो आणि अखेर आत्महत्या करतो.’

यात खोटं काही नाही. पण वाचायलाही काही उरलं नाही.

आधी पाहायचं, वाचक पुस्तकात कोणाबरोबर चालतो. इथे तो जेकिलबरोबर नाही, तर त्याचा वकील अटरसन याच्याबरोबर चालतो. दहापैकी आठ प्रकरणं अशीच जातात. औषधाचा उलगडा शेवटच्या दोन प्रकरणांत, मागे ठेवलेल्या लेखी जबान्यांतून होतो. म्हणून मजकुरात अटरसन हवा आणि औषध नको.

मग सामग्री फक्त सुरुवातीतून उचलायची. पहिल्या दोन प्रकरणांत एक दार, एक चेक आणि एक मृत्युपत्र आहे. एवढं पुरतं.

सूरही तिथूनच घ्यायचा. अटरसन कोरडा, मितभाषी वकील आहे. ‘थरारक’, ‘अंगावर काटा आणणारी’ हे शब्द त्याच्या जगात बसत नाहीत.

आता नवा मजकूर :

‘पहाटे तीनच्या सुमारास लंडनच्या रस्त्यावर हाइड नावाचा माणूस एका लहान मुलीला तुडवून पुढे जातो. लोक भरपाई मागतात, तेव्हा तो एका दारातून आत जातो आणि चेक आणतो. चेकवर सही एका प्रतिष्ठित गृहस्थाची. वकील अटरसनला ते दार ठाऊक आहे. त्याच्या तिजोरीत डॉ. जेकिलचं मृत्युपत्र आहे : आपण वारलो, किंवा तीन महिन्यांहून अधिक काळ बेपत्ता झालो, तर सारं काही हाइडला मिळावं. वारलो, हे समजतं. पण बेपत्ता?’

शेवटचा प्रश्न मुद्दाम नेमका ठेवला आहे. ‘पुढे काय होईल?’ हा प्रश्न कुठल्याही पुस्तकावर चालतो, म्हणून तो कुणालाच ओढत नाही.

आता गळती तपासायची. ‘मुखवटा’, ‘दुहेरी’, ‘आत दडलेला’ असा एखादा शब्दही इथे सगळं फोडेल. मजकूर कथा न वाचलेल्या माणसाला द्यावा आणि त्याचा अंदाज विचारावा. ‘हाइड डॉक्टरला धमकावून पैसे उकळतो,’ असं तो म्हणाला, तर मजकूर जमला, कारण अटरसनलाही आधी तोच संशय येतो. मात्र ही धमकी खरी असल्यासारखी मजकुरात लिहू नये. वाचकाने स्वतः चुकीचा अंदाज बांधणं हा खेळ आहे. मलपृष्ठाने त्याला खोटं सांगणं ही फसवणूक.